दोन लिफ्ट, एक क्रियापद

समजा, ऐन पावसाळ्यात एका सोसायटीच्या दोन्ही लिफ्ट बंद पडल्या आहेत. खालच्या खड्ड्यांत पाणी साचलंय, दारं मध्येच अडकतात, आणि देखभालीचं कंत्राट घेतलेल्या कंपनीला इंग्रजीत ईमेल पाठवायचा आहे. सेक्रेटरी घाईघाईने पाच वाक्यं लिहितात. ‘बोथ द लिफ्ट्स आर नॉट वर्किंग. ईच ऑफ द लिफ्ट्स हॅव अ फॉल्टी डोअर. ऑल द वॉटर इन द पिट्स हॅव टू बी रिमूव्हड. नायदर ऑफ युअर मेकॅनिक्स हॅव कम. एव्हरी मेंबर अँड टेनंट आर वरीड.’

या ईमेलवर कंपनीचा माणूस येईलही. पण पाचपैकी चार वाक्यांत क्रियापदाचं वचन चुकलेलं आहे. उरलेल्या पहिल्या वाक्यात क्रियापद बरोबर आहे, मात्र त्याचा अर्थ सेक्रेटरींना अभिप्रेत असलेल्या अर्थापेक्षा वेगळा लागू शकतो. मला हे पाचवं दुखणं बाकीच्या चारांपेक्षा जास्त गंभीर वाटतं, आणि त्याकडे मी पुढे सवडीने वळणार आहे. आधी ती चार क्रियापदं.

ईच, एव्हरी, ऑल, बोथ, आयदर आणि नायदर हे सहा शब्द शाळेत एका दमात शिकवले जातात. कोणत्या शब्दापुढे एकवचन आणि कोणत्यापुढे अनेकवचन, याचा तक्ता पाठ करून घेतला जातो. तक्ता खोटा नसतो. पण तो पाठ असलेली माणसंही वरचा ईमेल लिहितात, कारण तक्त्यात शब्द एकटा उभा असतो आणि वाक्यात त्याच्या शेजारी दुसरी नामं येऊन बसतात.

मराठी माणसाला इथे एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. आपलं क्रियापद जवळजवळ प्रत्येक वाक्यात कर्त्याचं किंवा कर्माचं लिंग-वचन अंगावर वागवतं. मुलगा आला, मुलगी आली, मुलं आली, मुलगे आले. इंग्रजी क्रियापदाने हा भार कधीच टाकून दिला आहे. ‘केम’ म्हटलं की एक आला की शंभर आले ते क्रियापद सांगत नाही. ‘विल’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांच्यापुढेही तेच. वचनाची खूण उरली आहे ती थोड्याच जागी: वर्तमानकाळात क्रियापदाला लागणारा ‘स’, ‘हॅज’ आणि ‘हॅव’ ही जोडी, ‘इज’ आणि ‘आर’, आणि भूतकाळात एकट्या ‘वॉज’ आणि ‘वर’मध्ये. म्हणून ‘ईच ऑफ द लिफ्ट्स स्टॉप्ड’ असं लिहिलं असतं तर चूक करायला वावच नव्हता. प्रश्न उठतो तो या मोजक्या जागांवर, आणि नेमक्या याच जागा रोजच्या लिखाणात सर्वांत जास्त लागतात.

आता दुसरं वाक्य घेऊ. दारात बिघाड आहे तो कशाच्या? लिफ्ट्सच्या असं आपण म्हणतो, पण वाक्याचा कर्ता लिफ्ट्स नाहीत. कर्ता ‘ईच’ आहे. ‘ऑफ द लिफ्ट्स’ हे शब्द फक्त सांगतात की हा ‘ईच’ कोणत्या समूहातला. म्हणून ‘ईच ऑफ द लिफ्ट्स हॅज अ फॉल्टी डोअर’ हेच बरोबर. लिफ्ट दोन असोत की वीस, ईच त्यांच्याकडे एकेक करून बघतो, आणि क्रियापद त्या एकेकटीशी जुळतं.

हे मराठीत आपण आपोआप करतो. ‘मुलींपैकी प्रत्येकजण वेळेवर येते’ या वाक्यात ‘येतात’ म्हणायला कुणाची जीभ वळत नाही. का वळत नाही, याचं उत्तर मराठीच्या बांधणीत आहे. ‘मुली’ या शब्दाला ‘पैकी’ लागताना त्याचं सामान्यरूप झालं, ‘मुलींपैकी’. त्या अनुस्वाराने आणि त्या शब्दयोगी अव्ययाने मुलींना कर्त्याच्या जागेवरून बाजूला केलं. शिवाय मराठीत हा समूह आधी येतो आणि ‘प्रत्येकजण’ क्रियापदाच्या जवळ असतो. इंग्रजीत दोन्ही गोष्टी उलट आहेत. समूह मागून येतो, म्हणजे क्रियापदाला अगदी खेटून बसतो, आणि त्याचं रूपही तसूभर बदलत नाही. ‘लिफ्ट्स’ कर्ता असला तरी ‘लिफ्ट्स’, ‘ऑफ’नंतर आला तरी ‘लिफ्ट्स’. कान शेवटचा शब्द ऐकतो, त्यात अनेकवचनाचा ‘स’ ऐकू येतो, आणि हात ‘हॅव’ लिहून मोकळा होतो.

ही चूक परकी भाषा बोलणाऱ्यांचीच असते असं मात्र समजू नये. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही इथे घसरतात. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना वाक्याचा सुरुवातीचा तुकडा ऐकवायचा, आणि तो म्हणून पुढे वाक्य पुरं करायला सांगायचं, अशी ती पद्धत होती. ‘द की टू द कॅबिनेट्स’, म्हणजे कपाटांची किल्ली, अशा धर्तीचे ते तुकडे. किल्ली एक आणि कपाटं अनेक असली की काही जण ‘वर’ म्हणून जात. गंमत अशी की उलट स्थितीत, म्हणजे किल्ल्या अनेक आणि कपाट एक असताना, चूक फारच कमी होई. शेजारचं अनेकवचन क्रियापदाला आपल्याकडे खेचतं, एकवचन तितकं खेचत नाही. या ओढीला भाषाशास्त्रात आकर्षण असंच म्हणतात. ‘ईच ऑफ’, ‘आयदर ऑफ’, ‘नायदर ऑफ’ यांच्यानंतर नेहमी अनेकवचनच येतं. तेव्हा हे तीन शब्द कायमचे या ओढीच्या पट्ट्यात राहतात.

ओळखायची रीत सोपी आहे. ‘ऑफ’पासून क्रियापदापर्यंतचा मजकूर बोटाने झाकायचा आणि उरलेलं वाचायचं. ‘ईच... हॅज’. ‘नायदर... हॅज कम’. सेक्रेटरींचं चौथं वाक्यही असंच सुधारतं: ‘नायदर ऑफ युअर मेकॅनिक्स हॅज कम.’ पण ही बोटाची रीत ‘ऑल’ला लागू पडत नाही, आणि ते का, हे थोडं पुढे.

त्याआधी ईचची दुसरी जागा बघायला हवी, कारण इथे तक्ता पाठ करणारा विद्यार्थी हमखास फसतो. ‘द लिफ्ट्स ईच हॅव अ फॉल्टी डोअर.’ हे वाक्य बरोबर आहे. ईच आहे, तरीही ‘हॅव’. ‘वी ईच हॅव अ की’, ‘दे ईच नो द रूल्स’ हीही बरोबर. तक्ता सांगतो ईच म्हणजे एकवचन, मग हे काय झालं?

याचं उत्तर मराठीत आयतं तयार आहे. आपल्याकडे ‘प्रत्येक’ आहे आणि ‘प्रत्येकी’ही आहे. ‘प्रत्येक तिकीट पन्नास रुपयांना आहे’ असं आपण म्हणतो, आणि ‘तिकिटं प्रत्येकी पन्नास रुपयांना आहेत’ असंही म्हणतो. पहिल्यात ‘आहे’, दुसऱ्यात ‘आहेत’. दुसऱ्या वाक्यात कर्ता ‘तिकिटं’ आहे आणि ‘प्रत्येकी’ने त्याच्या वचनाला हातही लावलेला नाही. वाटणी कशी झाली एवढंच तो सांगतो. इंग्रजीत या दोन कामांना शब्द एकच आहे, फक्त जागा वेगळी. ईच नामाच्या आधी आला, किंवा ‘ईच ऑफ’ म्हणून आला, की तो आपला ‘प्रत्येक’ असतो आणि एकवचन मागतो. कर्ता होऊन गेल्यावर मागून आला की तो आपला ‘प्रत्येकी’ असतो, आणि क्रियापद मूळ कर्त्याकडेच बघतं. ‘द टिकेट्स कॉस्ट फिफ्टी रुपीज ईच’ म्हणताना ईच वाक्याच्या अगदी टोकाला गेला आहे, आणि ‘कॉस्ट’ला ‘स’ लागत नाही. मराठी माध्यमातल्या मुलांना ईच शिकवताना ‘प्रत्येकी’ची ही जोडी सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं. ती त्यांच्या कानात आधीपासून आहे.

एव्हरी ईचचाच सख्खा नातेवाईक आहे, तोही अक्षरशः. जुन्या इंग्रजीत ‘एव्हर’ आणि ‘ईच’ यांची पूर्वरूपं जोडून तो शब्द घडला. पण स्वभाव वेगळा. एव्हरी एकटा उभा राहू शकत नाही, त्याला पुढे एकवचनी नाम लागतंच. ‘एव्हरी लिफ्ट’ चालतं, ‘एव्हरी ऑफ द लिफ्ट्स’ चालत नाही. तिथे ‘एव्हरी वन ऑफ द लिफ्ट्स’ म्हणावं लागतं, आणि क्रियापद अर्थातच एकवचनी. शिवाय ज्या इमारतीत दोनच लिफ्ट आहेत तिथे ‘एव्हरी लिफ्ट’ कानाला खटकतं. ईच दोघांनाही चालतो आणि दोनशेंनाही. एव्हरीला किमान तीन लागतात. सहा शब्दांत हा एक आडवा भेद आहे: बोथ, आयदर, नायदर हे दोघांपुरते, एव्हरी आणि ऑल हे तिघांपासून पुढचे, आणि ईच दोन्हीकडे वावरणारा.

एव्हरीची खरी ताकद सेक्रेटरींच्या पाचव्या वाक्यात दिसते. ‘एव्हरी मेंबर अँड टेनंट आर वरीड.’ इथे ‘अँड’ आहे. दोन नामं ‘अँड’ने जोडली की अनेकवचन, हा इंग्रजीचा पहिला धडा. ‘द मेंबर अँड द टेनंट आर वरीड’ बरोबरच आहे. पण आधी एव्हरी आला की तो अँडलाही नमवतो. ‘एव्हरी मेंबर अँड टेनंट इज वरीड.’ ‘एव्हरी’ जोडीतल्या दोन्ही नामांना एकेक करून मोजतो. नामं तीन जोडली, चार जोडली, तरी ‘इज’च. ईच आधी आला तरीही असंच होतं.

याच वाक्याच्या पोटात आणखी एक जुना वाद आहे. ‘एव्हरी मेंबर हॅज पेड...’ इथवर ठीक. पण कुणाचा मेंटेनन्स? हिज, हर, की देअर? मराठीला हा प्रश्न पडत नाही. ‘प्रत्येक सभासदाने आपला मेंटेनन्स भरला आहे’ म्हटलं की सभासद बाई की बुवा हे सांगावंच लागत नाही. ‘आपला’ हा शब्द मेंटेनन्सच्या लिंगाला जुळतो, भरणाऱ्याच्या नाही. इंग्रजीत असा शब्द नाही. दीर्घकाळ व्याकरणाची पुस्तकं ‘हिज’ लिहायला सांगत आली आणि त्यात बायकाही धरायच्या असं मानलं गेलं. बोलणारे मात्र शतकानुशतकं ‘देअर’ म्हणत आले आहेत. आता लिखाणातही त्याला मान्यता मिळते आहे. संशोधन-लेखनात जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या शैलीपुस्तिकेने 2019 च्या सातव्या आवृत्तीत हा एकवचनी ‘दे’ स्वीकारला. पण त्यामुळे मुख्य क्रियापद बदलत नाही. ‘एव्हरी मेंबर हॅज पेड देअर मेंटेनन्स’: आधी ‘हॅज’, मग ‘देअर’. ‘देअर’ पुढे आहे म्हणून मागे जाऊन ‘हॅव’ करायचं नाही. ज्यांना ही जोडी अजून खटकते त्यांनी सरळ ‘ऑल मेंबर्स हॅव पेड देअर मेंटेनन्स’ लिहावं, वादच मिटतो.

आता ऑल. मघाशी म्हटलं की बोटाने झाकायची रीत इथे चालत नाही. ईच आणि नायदर यांचं वचन त्यांच्या आतच ठरलेलं असतं, ऑलचं तसं नाही. ऑल स्वतः रिकामा आहे. त्याच्यापुढे जे येईल त्याचं वचन तो घेतो. ‘ऑल द लिफ्ट्स आर’, पण ‘ऑल द वॉटर इज’. पाणी मोजता येत नाही, म्हणून ते कितीही असलं तरी एकवचनी. सेक्रेटरींच्या तिसऱ्या वाक्यात ‘ऑल द वॉटर इन द पिट्स हॅव टू बी रिमूव्हड’ झालं ते दोन कारणांनी. ऑल म्हणजे सगळं, सगळं म्हणजे पुष्कळ, ही एक भावना. आणि क्रियापदाला चिकटून बसलेले ‘पिट्स’, ही दुसरी ओढ. खड्डे कितीही असले तरी काढायचं आहे ते पाणी, तेव्हा ‘हॅज टू बी रिमूव्हड’. म्हणजे ऑलच्या वाक्यात झाकायचं ते ‘इन’पासून पुढचं. ‘ऑल’नंतरचं पहिलं नाम उघडंच ठेवायचं, कारण वचन तेच ठरवतं.

पुढे नामच नसेल तर? तेव्हा ऑलच्या मनात काय आहे ते बघायचं. सगळी परिस्थिती, सगळ्या गोष्टी असा अर्थ असेल तर एकवचन, सगळी माणसं असा असेल तर अनेकवचन. 2009 च्या ‘थ्री इडियट्स’ने घराघरात पोचवलेलं ‘ऑल इज वेल’ यातलं ‘इज’ परिस्थितीबद्दल आहे. कार्यक्रमाच्या निमंत्रणावरचं ‘ऑल आर वेलकम’ यातलं ‘आर’ माणसांबद्दल. निमंत्रणावर ‘ऑल इज वेलकम’ छापलं तर ते वाचताना माणसंच गायब होतात.

बोथबद्दल वचनाच्या अंगाने सांगण्यासारखं काहीच नाही. तो सदैव अनेकवचनी. ‘बोथ आर’, ‘बोथ हॅव’, ‘बोथ द पंप अँड द लिफ्ट आर’. या सहांमध्ये हाच सर्वांत सरळ. आणि तरीही सेक्रेटरींचं सर्वांत धोक्याचं वाक्य बोथचंच आहे.

‘बोथ द लिफ्ट्स आर नॉट वर्किंग.’ मराठीत ‘दोन्ही लिफ्ट चालू नाहीत’ म्हटलं की दोन्ही बंद, यात शंका राहत नाही. आपण तेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेतो. पण इंग्रजीत ‘नॉट’ नेमकं कशाला नाकारतं ते डळमळीत असतं. काही वाचणारे ‘दोन्ही बंद’ असं समजतील. काही असं समजतील की ‘दोन्ही चालू आहेत असं नाही’, म्हणजे एक चालू आहे. बंद लिफ्टच्या तक्रारीत हा फरक क्षुल्लक नाही. एक चालू असेल तर कंपनी माणूस उद्या पाठवेल, दोन्ही बंद असतील तर आज. दहाव्या मजल्यावर डायलिसिसचा रुग्ण असेल तर त्या एका दिवसाला किंमत आहे. इंग्रजीने या अर्थासाठी स्वतंत्र शब्द ठेवला आहे, तो नायदर. ‘नायदर लिफ्ट इज वर्किंग’, किंवा ‘नायदर ऑफ द लिफ्ट्स इज वर्किंग’. यात दुसरा अर्थ शिरायला फटच नाही. नकार शब्दाच्या पोटात आहे, म्हणून क्रियापदाबरोबर ‘नॉट’ पुन्हा आणायचा नाही. आणि एकच लिफ्ट बंद असेल तर ‘ओन्ली वन ऑफ द लिफ्ट्स इज वर्किंग’ असं सरळ सांगावं.

ऑल आणि एव्हरी यांच्याबरोबर नकार आला की हीच गुंतागुंत वाढते. ‘ऑल द मेंबर्स हॅव नॉट पेड.’ एकानेही भरले नाहीत, की काहींनी भरले आणि काहींनी नाही? थकबाकीच्या नोटिशीत असं वाक्य आलं तर वेळेवर पैसे भरणारा सभासद रागावणारच. इथे मराठीही पूर्ण निर्दोष नाही. ‘सगळे सभासद आले नाहीत’ या वाक्याचेही दोन अर्थ होतात, आणि ते आपण बोलण्याच्या हेलावर निभावून नेतो. लिहिताना हेल नसतो. म्हणून इंग्रजीत नकार पुढे ओढून आणायचा: काहींनीच भरले असतील तर ‘नॉट ऑल द मेंबर्स हॅव पेड’, कुणीच नसतील तर ‘नन ऑफ द मेंबर्स हॅव पेड’. ‘नॉट एव्हरी मेंबर हॅज पेड’ हेही पहिल्याच अर्थाचं, फक्त क्रियापद एकवचनी. नकारासकटचं बोथ, ऑल किंवा एव्हरी मला लिखाणात दिसलं की मी थांबून विचारतो की नक्की किती. उत्तर शून्य असेल तर तो शब्दच बदलावा लागतो.

नायदरचा होकारी भाऊ आयदर. उच्चार ‘ईदर’ केला तरी चालतो, दोन्ही शिष्टसंमत आहेत. ‘आयदर ऑफ द लिफ्ट्स इज फाइन फॉर मी’ म्हणजे दोघींपैकी कोणतीही एक. एक म्हटल्यावर एकवचन आलंच. मग ‘ऑन आयदर साइड ऑफ द रोड’ म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, असा अर्थ कसा होतो? या शब्दाचा मूळ अर्थच ‘दोघांपैकी प्रत्येक’ असा होता, ‘दोघांपैकी कोणताही एक’ हा नंतर आला. जुना अर्थ बाजू, टोक, हात अशा जोडीच्या शब्दांबरोबर टिकून राहिला. पण तिथेही ‘साइड’ एकवचनीच राहतो, कारण मनात बाजू एकेक करून मोजली जाते.

आता एका गोष्टीचा खुलासा करायलाच हवा. इंग्रजी बातम्या ऐकणारा, इंग्रजी मालिका बघणारा वाचक म्हणेल की ‘नायदर ऑफ देम आर कमिंग’ तर आम्ही शंभरदा ऐकलंय, आणि तेही अस्सल इंग्रजांच्या तोंडून. खरं आहे. बोलण्यात हे सर्रास चालतं. हेन्री फाउलर यांनी 1926 च्या आपल्या प्रसिद्ध कोशात इथे एकवचनाचा आग्रह धरला होता. पुढे रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 1985 मध्ये इंग्रजीचं मोठं व्याकरण सिद्ध केलं, तेव्हा त्यांनी नियम आणि वापर दोन्ही समोर ठेवले. क्रियापद कधी व्याकरणातल्या कर्त्याशी जुळतं, कधी बोलणाऱ्याच्या मनातल्या संख्येशी, आणि कधी नुसत्या जवळच्या नामाशी, अशा तीन तत्त्वांची ओढाताण त्यांनी मांडली. ‘नायदर ऑफ देम’ म्हणताना मनात दोघं आहेत, कानाजवळ ‘देम’ आहे, म्हणून ‘आर’ येतो. तेव्हा अनौपचारिक गप्पांत कुणी असं बोललं तर त्याला अडाणी ठरवू नये. पण भारतातल्या स्पर्धा परीक्षा, बँकांच्या भरतीच्या परीक्षा, कचेरीतली पत्रं इथे अजून जुना नियमच चालतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेलं रेन आणि मार्टिन यांचं व्याकरणही आयदर, नायदर आणि ईच यांच्यापुढे एकवचनच सांगतं. ‘नायदर ऑफ द टू कँडिडेट्स’पुढे रिकामी जागा आली तर तिथे ‘इज’ किंवा ‘हॅज’ भरायचं. ईचच्या बाबतीत तर बोलण्यातही एवढी ढिलाई चालत नाही.

जवळच्या नामाशी जुळण्याचं तिसरं तत्त्व एका ठिकाणी मात्र चूक नसून नियम मानलं जातं. ‘आयदर... ऑर’ आणि ‘नायदर... नॉर’ या जोड्यांत. ‘नायदर द सेक्रेटरी नॉर द मेंबर्स वर इन्फॉर्म्ड’ इथे ‘वर’, कारण क्रियापदाजवळ ‘मेंबर्स’ आहेत. क्रम उलटा केला, ‘नायदर द मेंबर्स नॉर द सेक्रेटरी’, तर ‘वॉज’. दोन्ही बरोबर, पण दुसरं वाक्य कानाला जरा अडखळतं, म्हणून अनुभवी लिहिणारे अनेकवचनी नाम मुद्दाम शेवटी ठेवतात.

मराठीला इथे त्रास होत नाही, कारण ‘ना सेक्रेटरी आले, ना सभासद आले’ असं म्हणताना आपण प्रत्येकाला त्याचं क्रियापद देऊन टाकतो. इंग्रजीत दोन कर्ते आणि क्रियापद एकच, त्यामुळे त्याला एकाची बाजू घ्यावीच लागते. वचनाचा झगडा तरी सुटतो. पुरुषाचा झगडा, म्हणजे मी, तू, तो यांचा, सुटता सुटत नाही. रविवारी भेटायला चेअरमनही मोकळे नाहीत आणि मीही नाही, हे कसं लिहायचं? नियमाप्रमाणे ‘नायदर द चेअरमन नॉर आय ॲम अव्हेलेबल ऑन संडे’. व्याकरण शुद्ध, पण वाचताना चेअरमन ‘ॲम’ला येऊन धडकतात. ‘इज’ घातला तर ‘आय’ दुखावतो, ‘आर’ घातला तर नियमच मोडतो. अशा वेळी नायदर-नॉरची जोडी सोडून द्यावी. ‘नायदर ऑफ अस इज अव्हेलेबल’ हा एक मार्ग, चेअरमनचं नाव आधीच्या वाक्यात येऊन गेलं असेल तर. नसेल, तर ‘द चेअरमन इजन्ट अव्हेलेबल ऑन संडे, अँड नायदर ॲम आय’ असं लिहावं. इथे ‘इज’ चेअरमनना मिळतो, ‘ॲम’ मला मिळतो, आणि कुणालाही दुसऱ्याचं क्रियापद उसनं घ्यावं लागत नाही.